फ्लक्च्युएशन चाचणी: ई. कोलायमधील रिफॅम्पिसिन-रोधाच्या प्रकल्प नोंदी

२३ जून २०२५, सोमवार

आज मार्गदर्शक मॅडमबरोबर बसून प्रकल्पाचा प्रश्न आणि प्रयोगाचा आराखडा पक्का केला. रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक औषध घातलेल्या प्लेटवर ई. कोलायच्या कोट्यवधी पेशी पसरल्या, तर जवळजवळ सगळ्यांची वाढ थांबते आणि मोजक्याच वसाहती उगवतात. या वसाहतींच्या मूळ पेशींना रोधक्षमता औषधाशी गाठ पडल्यावर आली, की औषधाचा संपर्क नसलेल्या द्रव कल्चरमध्ये वाढत असतानाच ती आलेली होती, हा आमचा प्रश्न आहे. एका प्लेटकडे पाहून याचे उत्तर मिळत नाही, कारण दोन्ही शक्यतांत प्लेटवर सारखेच चित्र दिसते.

साल्व्हादोर ल्युरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये हा प्रश्न ई. कोलाय आणि तिला मारणारा विषाणू यांच्याबाबतीत सोडवला. सरासरी किती वसाहती येतात यापेक्षा एका कल्चरपासून दुसऱ्या कल्चरपर्यंत हा आकडा किती बदलतो, याकडे त्यांनी पाहिले. प्लेटवर आल्यानंतर प्रत्येक पेशीला स्वतंत्रपणे, अगदी अल्प संभाव्यतेने रोधक्षमता येत असेल, तर वसाहतींचे आकडे पॉयसाँ वितरणाप्रमाणे पडायला हवेत, म्हणजेच त्यांचे प्रचरण, सरासरीभोवतीचा पसारा मोजणारा आकडा, सरासरीइतकेच असायला हवे. उत्परिवर्तन मात्र वाढीच्या काळातच होत असेल, तर ते कधी झाले यावर सगळे ठरते. शेवटच्या विभाजनात झालेल्या उत्परिवर्तनाची एकच वसाहत दिसेल, पण तेच सात पिढ्या आधी झाले असेल तर त्या पेशीची शंभरावर पिल्ले प्लेटवर येतील. अशा वेळी बहुतेक नळ्यांत थोड्या वसाहती आणि एखाद्या नळीत प्रचंड वसाहती असे विषम चित्र मिळेल आणि प्रचरण सरासरीच्या कितीतरी पट होईल.

विषाणूऐवजी रिफॅम्पिसिन घ्यायचे ठरले. हे औषध आरएनए पॉलिमरेज या विकराच्या बीटा उपएककाला चिकटते आणि त्या उपएककाच्या जनुकातला एकच क्षार बदलला तरी पुरेशी रोधक्षमता येऊ शकते. रोध एकाच पायरीत मिळतो, म्हणून पुढे उत्परिवर्तनाचा दर काढताना एक वसाहत म्हणजे एका उत्परिवर्ती पेशीचा वंश असे धरता येते. जीवाणू निरुपद्रवी के-१२ जातीचा वापरणार आहोत. सर्व प्लेट आणि नळ्या टाकण्यापूर्वी ऑटोक्लेव्ह होतील.

आराखडा असा: एकाच विरल केलेल्या कल्चरमधून अनेक नळ्यांत प्रत्येकी ०.२ मिली भरायचे आणि उरलेल्यातले १० मिली एका फ्लास्कमध्ये ठेवायचे. नळ्या स्वतंत्रपणे वाढतील आणि फ्लास्क हा नियंत्रण असेल. फ्लास्कमधून प्रत्येकी ०.२ मिलीचे दहा नमुने वेगवेगळ्या प्लेटवर पसरायचे. हे सगळे नमुने एकाच कल्चरचे असल्यामुळे त्यांच्यातला फरक केवळ पसरण्याचा, मोजण्याचा आणि योगायोगाचा असेल. तोही मोठा निघाला, तर नळ्यांमधल्या फरकाला काही अर्थ उरणार नाही.

०.२ मिली हे आकारमान मुद्दाम निवडले आहे. एवढ्या नळीतले सगळे द्रव एकाच प्लेटवर मावते. नळीतला थोडाच भाग पसरला असता, तर मिळालेल्या संख्येला सरळ गुणून भागले नसते, कारण वाटा घेताना लहान वंश पूर्णपणे सुटून जातात आणि मोठे वंश नेहमीच हाती लागतात.

२६ जून, गुरुवार

एलबी आगर ऑटोक्लेव्ह करून ५० अंशांच्या आसपास निववल्यावर रिफॅम्पिसिन मिसळले. एक लिटर माध्यमाला ५० मिलिग्रॅम प्रति मिलीचे २ मिली द्रावण, म्हणजे अंतिम प्रमाण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. औषध डीएमएसओमध्ये विरघळवले होते. ते प्रकाशात खराब होते, म्हणून प्लेट काळ्या कागदात गुंडाळल्या. प्लेटचा नारिंगी रंग सर्वत्र सारखा आहे, त्यामुळे औषध नीट मिसळले गेले असे दिसते.

खरी अडचण आहे ती ठाण्यातल्या पावसाची. या दिवसांत प्रयोगशाळेतल्या हवेत इतका दमटपणा असतो की ओतलेल्या प्लेट टेबलावर वाळतच नाहीत आणि झाकणाच्या आतून पाणी सुटते. ओल्या पृष्ठभागावर ०.२ मिली पसरले की पाण्याची पातळ चादर राहते, वाढू लागलेल्या वसाहतीतल्या पेशी त्या पाण्यातून सरकतात आणि एका वसाहतीभोवती चार-पाच उपवसाहती दिसू लागतात. या प्रयोगात हा दोष फारच धोक्याचा आहे, कारण मोजायचा आहे तो विषमपणाच आणि ओल्या प्लेट नेमका तोच कृत्रिमपणे निर्माण करतात. म्हणून प्लेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये उलट्या आणि झाकण किंचित सरकवून रात्रभर ठेवल्या, आणि वापरण्यापूर्वी लॅमिनारमध्ये झाकण काढून आणखी वाळवायचे ठरवले. नमुन्यादाखल एका प्लेटवर ०.२ मिली निर्जंतुक पाणी पसरून पाहिले. ते दहा मिनिटांत पूर्ण शोषले गेले, तेव्हा हीच कसोटी सगळ्या प्लेटना लावायची आहे.

३० जून, सोमवार

मुख्य प्रयोगाआधी एक तपासणी आवश्यक होती. नळीतल्या सुमारे ४० कोटी संवेदनशील पेशींच्या गर्दीत थोड्या रोधक पेशी असतील, तर त्या सगळ्या वसाहती बनवतात का? मरणाऱ्या पेशींचा थर त्यांना दाबून टाकत असेल, तर आपली मोजणी मुळातच कमी येईल.

यासाठी आधी शुद्ध केलेल्या रिफॅम्पिसिन-रोधक कल्चरच्या ठरावीक विरल द्रावणाचा ०.१ मिली भाग साध्या एलबी प्लेटवर पसरला, तेव्हा ११२ वसाहती आल्या. तेवढाच भाग संवेदनशील कल्चरच्या ०.२ मिलीत मिसळून औषधाच्या प्लेटवर पसरला, तेव्हा १०८ आल्या. संवेदनशील कल्चर एकटे पसरलेल्या प्लेटवर ४ वसाहती होत्या, त्या वजा करता १०४ उरतात. म्हणजे सुमारे ९३ टक्के रोधक पेशी गर्दीतही उगवतात. एवढ्या लहान आकड्यांमधला हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसतो, म्हणून मोजणीला कुठलीही दुरुस्ती लावणार नाही.

२ जुलै, बुधवार

रात्रभर वाढवलेले कल्चर ताज्या एलबीमध्ये दहा लाख पट विरल केले. मूळ कल्चरमध्ये प्रति मिली सुमारे २०० कोटी पेशी असतात, त्यामुळे विरल द्रावणात प्रति मिली सुमारे २,००० आणि प्रत्येक नळीत सुमारे ४०० पेशी गेल्या. सुरुवात इतक्या कमी पेशींनी करण्यामागे कारण आहे: पेरलेल्या पेशींतच एखादी रोधक पेशी असेल, तर तिचे वंशज शेवटी त्या नळीत लाखोंनी असतील आणि त्या नळीचा काही उपयोग राहणार नाही. ४०० पेशींत अशी पेशी येण्याची शक्यता नगण्य आहे.

वीस नळ्या मोजणीसाठी आणि तीन नळ्या एकूण पेशीसंख्या काढण्यासाठी भरल्या. त्याच द्रावणातले १० मिली फ्लास्कमध्ये घेतले. सगळे ३७ अंशांवर शेकरवर ठेवले आहे.

३ जुलै, गुरुवार

वीस तासांनी सगळ्या नळ्या सारख्याच गढूळ होत्या. वीस नळ्यांतले संपूर्ण द्रव एकेका औषधी प्लेटवर पसरले. फ्लास्कमधून दहा प्लेट केल्या. उरलेल्या तीन नळ्यांतले कल्चर दहा लाख पट विरल करून ०.१ मिली साध्या एलबीवर पसरले.

५ जुलै, शनिवार

साध्या प्लेटवर १९८, २१४ आणि २०६ वसाहती आल्या. सरासरी २०६ धरता प्रति मिली २०६ कोटी, म्हणजे प्रत्येक नळीत ४१.२ कोटी पेशी होत्या. तिन्ही आकडे जवळपास सारखे आहेत हे महत्त्वाचे, कारण नळ्यांची वाढच कमीजास्त झाली असती तर वसाहतींच्या फरकाला तेही एक कारण ठरले असते.

औषधी प्लेट २४ तासांनी मोजून प्रत्येक वसाहतीवर मार्करने ठिपका दिला होता. आज ४८ तासांनी पुन्हा मोजल्या, तेव्हा वीस प्लेट मिळून १२ नव्या, बारीक वसाहती दिसल्या. त्या वेगळ्या नोंदल्या आहेत. चढत्या क्रमाने लावलेले अंतिम आकडे:

स्वतंत्र नळ्या: ०, ०, १, २, २, ३, ३, ४, ४, ५, ६, ६, ७, ९, १०, १२, १५, २३, ४१, १६८.

फ्लास्कचे नमुने: ९, ११, १२, १३, १४, १५, १६, १७, १८, २१.

१६८ वसाहतींची प्लेट पाहताच सहकारिणीला दूषित झाल्याची शंका आली आणि ती रास्त होती. त्या प्लेटवरच्या दहा वसाहती ईएमबी आगरवर आणि औषधाच्या नव्या प्लेटवर रेखल्या आहेत.

८ जुलै, मंगळवार

दहाही वसाहतींनी ईएमबीवर ई. कोलायची हिरवट धातूसारखी चमक दाखवली आणि औषधावर त्या नीट वाढल्या. तेव्हा १६८ हा आकडा खरा मानायचा. तो वगळण्याचा मोह होतो, पण या प्रयोगात अशी प्लेट म्हणजे वाया गेलेले निरीक्षण नाही, ती पुराव्याचाच भाग आहे.

फ्लास्कच्या नमुन्यांची सरासरी १४.६ आणि प्रचरण १२.७. गुणोत्तर ०.८७, म्हणजे एकाच्या जवळ. याचा अर्थ पसरणे आणि मोजणे नीट झाले आहे, प्लेट पुरेशा वाळलेल्या होत्या आणि उपवसाहतींनी आकडे फुगवलेले नाहीत.

वीस नळ्यांची सरासरी १६.०५ आणि प्रचरण १,३७०. गुणोत्तर सुमारे ८५. सगळा भार एकाच प्लेटवर आहे असा आक्षेप येऊ शकतो, म्हणून केवळ तपासणीसाठी १६८ बाजूला ठेवून पाहिले. तेव्हा उरलेल्या एकोणीस नळ्यांची सरासरी ८.०५, प्रचरण ९६ आणि गुणोत्तर १२ येते. निष्कर्ष बदलत नाही.

मला स्वतःला मात्र प्रचरणापेक्षा दोन रिकाम्या प्लेट अधिक पटणाऱ्या वाटतात. रोधक्षमता प्लेटवर आल्यानंतर मिळत असती आणि सरासरी १६ असती, तर एखादी प्लेट पूर्ण रिकामी राहण्याची शक्यता एक कोटीत एकाच्या आसपास असती. आमच्याकडे विसात दोन रिकाम्या आहेत. त्या नळ्यांतल्या ४१ कोटी पेशींनी त्याच औषधाचा, त्याच प्लेटवर, तेवढाच वेळ सामना केला आणि एकही टिकली नाही. औषधच पेशींना बदलत असते, तर या दोन नळ्यांतल्या पेशी वेगळ्या वागण्याचे काही कारण नव्हते. फरक नळ्यांच्या इतिहासात होता आणि तो इतिहास प्लेटवर येण्यापूर्वीच घडून गेलेला होता.

१६८ च्या नळीत काय झाले असेल याचाही अंदाज बांधता येतो. उत्परिवर्ती पेशी आणि इतर पेशी सारख्याच वेगाने वाढतात असे धरले आणि सगळ्या वसाहती एकाच उत्परिवर्तनाच्या मानल्या, तर ४१.२ कोटींना १६८ ने भागून सुमारे २४.५ लाख येतात. म्हणजे नळीत साधारण एवढ्या पेशी असताना, शेवटापूर्वी सातेक पिढ्या आधी, ते उत्परिवर्तन झाले.

११ जुलै, शुक्रवार

आता उत्परिवर्तनाचा दर. आधी एक भेद नीट मांडायला हवा. नळीतल्या रोधक पेशींची सरासरी भागिले एकूण पेशी केले, तर दर अब्ज पेशींमागे ३९ येतात. हे उत्परिवर्ती पेशींचे प्रमाण झाले. त्यात एका जुन्या उत्परिवर्तनाची १६८ पिल्ले १६८ वेळा मोजली गेली आहेत आणि कल्चर जितके मोठे होऊ द्यावे तितके हे प्रमाण वाढत जाते. दर काढायचा तर एका नळीत सरासरी किती उत्परिवर्तने घडली हे हवे, वसाहती किती आल्या हे नव्हे. त्या अदृश्य संख्येला m म्हणतात.

सर्वांत सोपा मार्ग रिकाम्या प्लेटचा. उत्परिवर्तनांच्या घटना पॉयसाँ वितरणानेच पडतात, त्यामुळे एकही घटना न झालेल्या नळ्यांचा वाटा e^(-m) इतका असतो. आमच्याकडे तो विसात दोन, म्हणून m = 2.30. या मार्गात फक्त शून्यांचा उपयोग होतो आणि बाकी सगळी माहिती वाया जाते. एकच प्लेट रिकामी असती तर m = 3.00 आला असता, तीन असत्या तर 1.90. इतक्या थोड्या शून्यांवर मी विसंबणार नाही.

दुसरा मार्ग ली आणि कुल्सन यांनी १९४९ मध्ये दिलेला मध्यकाचा. r हा वसाहतींच्या आकड्यांचा मध्यक असेल तर:

```
r/m - ln(m) = 1.24
```

आमचा मध्यक ५.५ आहे. समीकरण सरळ सुटत नाही, m च्या किमती घालून पाहाव्या लागतात. 2.50 घातले तर डावी बाजू 1.28 येते, 2.55 घातले तर 1.22, आणि 2.53 ला ती जुळते. सरासरी का घेत नाही हे इथे स्पष्ट दिसते: १६८ वगळले तर सरासरी १६ वरून ८ वर येते, पण मध्यक ५.५ वरून ५ होतो आणि m फक्त 2.53 वरून 2.38 होतो. एका भाग्यवान नळीने दराचा अंदाज दुप्पट करू नये, म्हणून मध्यक.

तिसरा मार्ग सगळे आकडे वापरतो. दिलेल्या m साठी 0, 1, 2, 3 अशा प्रत्येक वसाहतसंख्येची संभाव्यता आधीच्या संभाव्यतांवरून क्रमाने काढता येते आणि ज्या m साठी आमचे वीसही आकडे एकत्र मिळण्याची शक्यता सर्वाधिक, तो m निवडायचा. संगणकावर हे चार ओळींचे काम आहे.

```python
import math
data = [0,0,1,2,2,3,3,4,4,5,6,6,7,9,10,12,15,23,41,168]

def logL(m):
    p = [math.exp(-m)]
    for r in range(1, max(data) + 1):
        p.append(m / r * sum(p[i] / (r - i + 1) for i in range(r)))
    return sum(math.log(p[r]) for r in data)

print(max((k / 100 for k in range(50, 600)), key=logL))
```

उत्तर एका दशांश स्थळापर्यंत 2.5 आहे, म्हणजे मध्यकाच्या अंदाजाशी जुळते. ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे 1.6 ते 3.6. याला ४१.२ कोटींनी भागले की दर मिळतो: दर अब्ज पेशी-विभाजनांमागे सुमारे ६.१ उत्परिवर्तने, मर्यादा ३.८ ते ८.६. रोधक पेशींचे प्रमाण ३९ होते, ते दराच्या सहा पटींहून जास्त आहे. काही लेखक या भागाकाराला ln 2 ने गुणतात, त्यामुळे इतरांच्या आकड्यांशी तुलना करताना त्यांनी भाजक कोणता घेतला आहे ते आधी पाहायला हवे.

या दराने १६८ च्या नळीची पुन्हा तपासणी केली. लोकसंख्या २४.५ लाखांवर जाण्यापूर्वी एका नळीत उत्परिवर्तन होण्याची शक्यता ०.०१५ येते, वीस नळ्यांत मिळून अपेक्षा ०.३. म्हणजे असा प्रयोग चार वेळा केला तर साधारण एकदा एवढी मोठी प्लेट दिसावी. ती असामान्य नाही.

१५ जुलै, मंगळवार

उशिरा उगवलेल्या बारा वसाहतींचा प्रश्न राहिला होता. पसरल्यानंतर प्लेटवरच काही उत्परिवर्तने होत असतील, तर त्यांच्या वसाहती उशिरा दिसतील आणि आमच्या वितरणात पॉयसाँचा भाग मिसळून m फुगेल. बाराही वसाहती साध्या एलबीवर आणि औषधावर रेखल्या. दोन्हीकडे त्या सारख्याच सावकाश वाढल्या. म्हणजे त्यांचा उशीर जन्मवेळेमुळे नसून वाढीच्या मंद गतीमुळे आहे, जे आरएनए पॉलिमरेजसारख्या मूलभूत विकरात बदल झाल्यावर समजण्यासारखे आहे. त्यांना मोजणीत ठेवले. पण यामुळे एक गृहीतक ढिले पडते: वरची सूत्रे सगळे उत्परिवर्ती इतरांइतक्याच वेगाने वाढतात असे धरतात. मंद वंश लहान राहतात, त्यामुळे आमचा m खऱ्यापेक्षा थोडा कमी असू शकतो.

त्याच दिशेने ओढणारी आणखी एक गोष्ट आहे. जनुक बदलल्यावर लगेच पेशी रोधक होत नाही, कारण जुने संवेदनशील पॉलिमरेज पुढच्या एक-दोन विभाजनांतच विरळ होत जाते. अगदी अखेरच्या क्षणी झालेली उत्परिवर्तने त्यामुळे निसटतात. कल्चरची वाढ पूर्ण थांबल्यानंतर पसरल्यामुळे हा तोटा कमी झाला असावा, पूर्ण गेला नसावा.

निष्कर्षाची व्याप्तीही नोंदवून ठेवतो. रिफॅम्पिसिन संवेदनशील पेशींची वाढ लगेच थांबवते, त्यामुळे प्लेटवर नव्याने उत्परिवर्तन होण्याला फारशी संधीच उरत नाही. जिथे पेशी न मरता दिवसेंदिवस उपाशी राहतात, अशा निवडीत प्लेटवरही उत्परिवर्ती निर्माण होतात, असे जॉन केर्न्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडले आणि त्यावर पुढे बराच वाद झाला. आमचा पुरावा या औषधापुरता आणि या अटींपुरता आहे.

मॅडमशी बोलून पुढची पायरी ठरली. १६८ च्या प्लेटवरच्या दहा आणि दहा वेगवेगळ्या नळ्यांच्या प्लेटवरची प्रत्येकी एक अशा वसाहती ग्लिसरॉलमध्ये साठवल्या आहेत आणि त्यांच्या बीटा उपएककाच्या जनुकाचा क्रम काढून घ्यायचा आहे. आमची मांडणी बरोबर असेल, तर पहिल्या दहांपैकी बहुतेकांत एकच क्षारबदल सापडायला हवा आणि दुसऱ्या दहांत वेगवेगळे. १६८ च्या प्लेटवरही बदल विखुरलेले निघाले, तर त्या नळीत एकच जुने उत्परिवर्तन झाले हे आमचे स्पष्टीकरण मागे घ्यावे लागेल आणि ती प्लेट पसरताना काय घडले ते नव्याने शोधावे लागेल.